लिपी ओळखीची, उच्चार परका

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात जाऊन ‘संस्कृतचं सुरुवातीचं पुस्तक द्या’ असं सांगितलं, की साधारणपणे तीन प्रकारची पुस्तकं समोर येतात. शब्दरूपावली, धातुरूपावली आणि समासचक्र हे पातळ पुस्तिकांचं जुनं त्रिकूट. आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांची मार्गदर्शकं. आणि भाजीवाल्याशी, पाहुण्यांशी संस्कृतात कसं बोलावं हे शिकवणारी संभाषणाची पुस्तकं. घेणारा पन्नाशी-साठीचा असेल तर त्याला परीक्षा द्यायची नसते आणि भाजीवाल्याशी मराठीत त्याचं उत्तम चाललेलं असतं. त्याला रामरक्षा, विष्णुसहस्रनाम किंवा गीतेचा पंधरावा अध्याय समोर धरून न अडखळता, शुद्ध उच्चारात म्हणायचा असतो. नेमक्या या कामासाठी या तिन्हींतलं एकही पुस्तक लिहिलेलं नाही.

शब्दरूपावली पाठ असली तरी वाचन सुधारत नाही, हा अनुभव शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्या पुष्कळांना आहे. ‘देवः देवौ देवाः’ झोपेतही म्हणता येतं, पण स्तोत्रातली सतरा अक्षरांची एक अखंड ओळ समोर आली की जीभ अडते. कुठे तोडायचं, कुठे जोर द्यायचा, अनुस्वाराचं काय करायचं, हे त्या रूपांमध्ये कुठेच नसतं.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. त्याला देवनागरी येते. जपानी किंवा जर्मन विद्यार्थ्याला अक्षर पहिल्यापासून गिरवावं लागतं, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिणारा लेखक प्रत्येक वर्णापाशी थांबून जीभ कुठे टेकवायची, श्वास किती सोडायचा हे सांगतो. मराठी वाचकासाठी लिहिणारा लेखक ती पानं गाळतो. वाचकाला लिपी येते म्हणजे वाचता येतं, असं तो गृहीत धरतो. वाचकही तेच गृहीत धरतो. मग संस्कृत ओळ मराठी तोंडातून मराठीसारखीच बाहेर पडते आणि त्यात काही बिघडलं आहे हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण पुस्तकात लिहिलेलं अक्षर न् अक्षर त्याने म्हटलेलं असतं.

बिघडतं काय, ते आधी पाहू. सगळ्यात मोठी गडबड ‘अ’ची आहे. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. ‘भगवती’ लिहितो आणि ‘भग्वती’ म्हणतो. मराठीत ते बरोबरच आहे. संस्कृतात मात्र पाय मोडलेला नसेल तर प्रत्येक अक्षरात ‘अ’ असतो आणि तो म्हणावाच लागतो. ‘हे राम’ या हाकेत शेवटचा ‘म’ पूर्ण उच्चारायचा, ‘भगवती’ची चारही अक्षरं सुटी ऐकू यायला हवीत.

दुसरी गडबड ऱ्हस्व-दीर्घाची. 1962 साली ठरलेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, गुरू, हरी. लिहिण्याआधीपासून बोलण्यातही ते दीर्घच होते. संस्कृतात मूळ शब्द कवि, गुरु, हरि असे ऱ्हस्व आहेत, आणि तिथे ऱ्हस्वाचा दीर्घ केला तर कधीकधी शब्दाचं रूपच बदलतं. ‘हरि’ हा मूळ शब्द, ‘हरी’ म्हणजे दोन हरि.

‘ऋ’चं काय करायचं हा तिसरा प्रश्न. आपण ‘कृष्ण’ला ‘क्रुष्ण’ म्हणतो, उत्तरेत ‘क्रिष्ण’ म्हणतात. ‘ऋ’ हा स्वर आहे, म्हणजे त्यात ‘उ’ही नाही आणि ‘इ’ही नाही. जीभ टाळूच्या जवळ नेऊन ‘र’चा कंप तेवढा लांबवायचा. तो अगदी अचूक जमला नाही तरी एक गोष्ट सांभाळता येते: ‘ऋ’ जोडाक्षरासारखा आपटायचा नाही. ‘अमृत’ म्हणताना आपण ‘अम्-रुत’ असं तोडतो. म्हणायला हवं ‘अ-मृ-त’. हा फरक का महत्त्वाचा ते छंदाशी आल्यावर दिसेल.

मग ‘ह’ची जोडाक्षरं. ब्रह्म, चिह्न, आह्वान हे शब्द मराठीत ब्रम्ह, चिन्ह, आव्हान झाले. लिहिताना आपण कधी सावध राहिलो तरी बोलताना ‘ह’ मागे जातोच. संस्कृतात ‘ह’ आधी येतो: आधी श्वास, मग ‘म’. ‘ष’ आणि ‘श’ आपण एकच करून टाकले आहेत. ‘ष’साठी जिभेचं टोक ‘ट’, ‘ण’च्या जागी वर वळवायला हवं. ‘ण’ आपल्याला चांगला येतो, म्हणून ‘विष्णु’ किंवा ‘कृष्ण’ या शब्दांवर ‘ष’चा सराव करणं सोपं जातं: पुढचा ‘ण’ जिथे उच्चारायचा आहे तिथेच जीभ आधी न्यायची. ‘च’ आणि ‘ज’ मराठीत दोन प्रकारचे आहेत. ‘जग’ म्हणताना दातांजवळचा ‘ज’ लागतो, ‘जय’ म्हणताना टाळूचा. संस्कृतात पहिला प्रकार नाहीच. म्हणून ‘जगत्’ म्हणताना सवयीने दातांजवळचा ‘ज’ आला तर तो ‘जय’मधल्यासारखा करायचा.

‘ज्ञ’बद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. तो ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा जोड आहे. मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’, दक्षिणेत आणखी वेगळा, असे उच्चार पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत. ज्या परंपरेत शिकायचं तिथला उच्चार घ्यावा, आणि तो सगळीकडे एकसारखा ठेवावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते, हे माझं मत आहे.

राहिले अनुस्वार आणि विसर्ग. चांगलं पुस्तक आणि कामचलाऊ पुस्तक यांच्यातला फरक या दोघांच्या पानावर कळतो. अनुस्वार हा टिंब देऊन लिहिलेला असला तरी त्याचा आवाज पुढच्या अक्षरावर ठरतो. पुढे ‘क’-वर्ग असेल तर ‘ङ्’, ‘च’-वर्ग असेल तर ‘ञ्’, ‘त’-वर्ग असेल तर ‘न्’, ‘प’-वर्ग असेल तर ‘म्’. इथवर मराठी माणूस चुकत नाही. पंकज, चंचल, दंत, चंपक हे आपण नकळत बरोबर म्हणतो. चुकतो ते पुढे श, ष, स, ह आल्यावर. ‘सिंह’चा आपण ‘सिंव्ह’ करतो, ‘अंश’चा ‘अंव्श’, ‘संसार’चा ‘संव्सार’. हा मधला ‘व’ संस्कृतात नाही. तिथे नाकातला स्वच्छ आवाज काढायचा आणि थेट पुढच्या अक्षरावर जायचं. गंमत अशी की पुढे ‘व’ किंवा ‘य’ असेल तर आपली मराठी सवयच उपयोगी पडते. ‘संवाद’मध्ये नाकातला ‘व’ आणि ‘संयम’मध्ये नाकातला ‘य’ हे संस्कृत व्याकरणालाही मान्य आहेत.

विसर्गाचे उच्चार दोन ठिकाणी वेगळे असतात. ओळीच्या शेवटी थांबताना तो ‘ह’चा हलका श्वास असतो आणि आधीच्या स्वराची किंचित सावली त्याच्यावर पडते: ‘रामः’ साधारण ‘रामह’, ‘हरिः’ साधारण ‘हरिहि’, ‘गुरुः’ साधारण ‘गुरुहु’. सावली म्हणजे सावलीच. पूर्ण अक्षर वाढवायचं नाही. ओळीच्या मध्ये पुढे ‘क-ख’ किंवा ‘प-फ’ आले तर हा श्वास अनुक्रमे घशाजवळ आणि ओठांजवळ घासून जातो. आपण ‘अंतःकरण’ला ‘अंतक्करण’ आणि ‘दुःख’ला ‘दुख्ख’ म्हणतो, तिथे श्वासाच्या जागी व्यंजन दुप्पट केलेलं असतं.

हे सगळं समजलं तरी घरी एकट्याने म्हणताना चूक कशी पकडायची? गुरुजी समोर नाहीत, रेकॉर्डिंग ऐकून आपला कान आपल्यालाच फसवतो. यावर एक उपाय संस्कृत पद्याच्या आतच आहे, आणि सुरुवातीच्या बहुतेक पुस्तकांत तो शेवटच्या परिशिष्टात तरी असतो किंवा नसतोच. तो म्हणजे छंद. गीतेचे 700 श्लोक घेतले, रामरक्षा घेतली, विष्णुसहस्रनाम घेतलं, तर बहुतेक सगळे श्लोक अनुष्टुभ् छंदात सापडतात. या छंदात चार चरण, प्रत्येक चरणात आठ अक्षरं. ‘अक्षर’ म्हणजे इथे एका स्वराचा एक ठोका. पाय मोडलेलं व्यंजन मोजायचं नाही. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघू. दीर्घ स्वराचं गुरू. ऱ्हस्व असलं तरी त्याच्यापुढे जोडाक्षर, अनुस्वार किंवा विसर्ग आला तर तेही गुरू. आणि नियम इतकाच, की प्रत्येक चरणातलं पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू आणि दुसऱ्या-चौथ्यात लघू. पहिल्या-तिसऱ्या चरणात याला काही मान्य अपवाद आहेत, पण शिकताना ते बाजूला ठेवावेत.

आता हा उपाय वापरून पाहू. सरावासाठी मी एक साधा श्लोक बांधला आहे, म्हणजे कुणाच्या देवघरातल्या स्तोत्रावर प्रयोग नको:

वृद्धः पठति यत्नेन मन्दं मन्दं स्फुटाक्षरम् ।
श्रुत्वा शब्दं गुरोः पश्चात् स्वयं वदति निर्भयः ॥

अर्थ सरळ आहे. म्हातारा प्रयत्नपूर्वक, हळूहळू, स्पष्ट अक्षरांत वाचतो. आधी गुरूचा शब्द ऐकून मग स्वतः न भिता म्हणतो.

पहिला चरण नेहमीच्या मराठी वेगात म्हणून पाहा: ‘व्रुद्धः पठ्ति यत्नेन्’. बोटांवर मोजा: व्रुद्, धः, पठ्, ति, यत्, नेन्. सहाच झाले. छंद आठ मागतो. हरवलेली दोन अक्षरं शोधायला वेळ लागत नाही: ‘पठति’मधला ‘ठ’चा ‘अ’ आणि ‘यत्नेन’च्या शेवटचा ‘अ’. ते परत घातले की वृद्, धः, प, ठ, ति, यत्, ने, न असे आठ ठोके पडतात. पाचवं ‘ति’ लघू, सहावं ‘यत्’ गुरू, सातवं ‘ने’ गुरू. ‘ति’ ऱ्हस्वच म्हणायचा. मराठीत आपण तो सहज ‘ती’ करतो आणि त्याच क्षणी पाचवं अक्षर गुरू होऊन चाल अडखळते. ‘वृद्धः’च्या विसर्गापुढे ‘प’ आहे, म्हणून तिथे ओठांजवळून हलका श्वास सोडून ‘प’वर जायचं, ‘वृद्धप्पठति’ करायचं नाही.

दुसऱ्या चरणात ‘मन्दं’ दोनदा आहे आणि दोन्ही टिंबं वेगळी वाजतात. पहिल्यापुढे ‘म’ आहे, म्हणून ओठ मिटून ‘म्’. दुसऱ्यापुढे ‘स्फु’ आहे. इथे सवयीने ‘मन्दंव्स्फु’ येतं. नाकातल्या आवाजावरून थेट ‘स’वर यायचं. ‘स्फु’ पाचवं अक्षर, लघू. जोडाक्षर आहे म्हणून ते लांबवायचा मोह होतो, पण जोडाक्षराचं वजन नेहमी मागच्या अक्षरावर पडतं, स्वतःवर नाही. हा मुद्दा नीट लक्षात आला की निम्मी स्तोत्रं सुधारतात. ‘टा’ गुरू, ‘क्ष’ लघू, आणि शेवटी ‘रम्’. शेवटचा ‘म्’ ओठ मिटून संपवायचा. ‘स्फुटाक्षरं’ असं छापलं असलं तरी ओळीच्या शेवटी थांबताना तो ‘म्’च असतो.

तिसऱ्या चरणात ‘शब्दं’पुढे ‘गु’ आहे, म्हणून टिंबाचा ‘ङ्’ होतो. ‘गु’ लघू, पाचवं. ‘रोः’ गुरू, सहावं. ‘पश्चात्’मधला ‘च’ टाळूचा. आणि शेवटचा ‘त्’ पाय मोडलेला आहे, तिथे थांबताना ‘पश्चात’ असा अकार चिकटवला की चरण नऊ अक्षरांचा होतो. चौथ्या चरणात ‘वदति’चं ‘वद्ति’ केलंत तर सात अक्षरं उरतात. ‘स्वयं’पुढे ‘व’ आहे. इथे मराठी सवय सांभाळून घेते. शेवटी ‘निर्भयः’चा विसर्ग, ‘निर्भयह’, शेवटचा श्वास अगदी हलका.

‘अमृत’चा प्रश्न आता सुटतो. ‘अ-मृ-त’ म्हटलं तर ‘अ’ लघू राहतो, कारण ‘मृ’ हे जोडाक्षर नाही. ‘अम्-रुत’ म्हटलं तर ‘अम्’ गुरू होतो. चरणातल्या पाचव्या जागी असा शब्द आला की छंद लगेच तक्रार करतो. म्हणजे ‘ऋ’ स्वर आहे हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. श्लोक बांधणाऱ्याने तो स्वर धरूनच बांधला आहे.

एवढं हाती आल्यावर पुस्तकं निवडणं सोपं जातं. कोणतंही प्राथमिक पुस्तक हातात घ्या आणि पहिल्या दहा-पंधरा पानांत तीन गोष्टी शोधा. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ या स्थानांप्रमाणे मांडलेली वर्णमाला आहे का? अनुस्वार आणि विसर्ग यांचे उच्चार उदाहरणांसह दिले आहेत का, की ‘अं’ आणि ‘अः’ एवढ्यावर भागवलं आहे? आणि लघू-गुरू कुठे समजावलं आहे? तिन्ही नसतील तर ते पुस्तक चांगलं असेलही, पण तुमच्या कामाचं नाही.

या कसोटीवर मला सर्वांत पुढे वाटतं ते चार्ल्स विकनर यांचं ‘अ प्रॅक्टिकल संस्कृत इंट्रोडक्टरी’. इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर विनामूल्य मिळतं. विभक्त्यांकडे वळायच्या आधी लेखक स्वरांवर थांबतो: तोंड किती उघडायचं, ऱ्हस्वाला एक मात्रा तर दीर्घाला दोन कशा मोजायच्या, श्वास कसा सोडायचा. मराठी वाचकाला सुरुवातीला हे पोरकट वाटेल. पण मराठी पुस्तकं गाळतात ती पानं नेमकी हीच. या पुस्तकातल्या रोमन लिपीचाही एक अनपेक्षित फायदा आहे. खुणा घातलेल्या रोमन अक्षरांत ‘राम’ लिहायचा तर शेवटचा ‘अ’ लिहावाच लागतो आणि ‘श’, ‘ष’ वेगळे दिसतात. डोळ्याला सवय नसल्यामुळे माणूस अक्षर न् अक्षर वाचतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना आजी ऑनलाइन स्तोत्र शिकवते, तेव्हा रोमन वहीतून म्हणणारं मूल कधीकधी देवनागरी वाचणाऱ्या बाबांपेक्षा शुद्ध म्हणतं ते यामुळेच.

इंग्रजीतलं आणखी एक नाव घ्यायलाच हवं. माधव देशपांडे हे मूळचे पुण्याचे, मिशिगन विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं संस्कृत शिकवलं. त्यांचं ‘संस्कृतसुबोधिनी’ हे विद्यापीठातल्या वर्गासाठी लिहिलेलं, भरपूर उदाहरणांचं पुस्तक आहे. पण त्याचा वेग वर्गाचा आहे. रोज अर्धा तास काढणाऱ्या निवृत्त माणसाला ते एकट्याने पुरं करणं जड जाईल. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ आणि तिचं पुढचं पुस्तक ही एकोणिसाव्या शतकातली, आजही छापली जाणारी पुस्तकं. वाक्यांचं भाषांतर करत करत व्याकरण पक्कं करण्यासाठी त्यांच्या तोडीचं फार थोडं आहे. तरी स्तोत्र वाचायला निघालेल्याने पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं मी म्हणेन. ती वाट कालिदासाकडे जाते, आणि लांबची आहे.

अर्थ कळायला लागावा म्हणून पुढचं पाऊल टाकायचं असेल तर पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचं ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ घ्यावं. सावंतवाडीजवळच्या कोलगावात 1867 साली जन्मलेले सातवळेकर आधी चित्रकार होते, पुढे औंध आणि मग पारडी इथून त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांच्या संहिता छापल्या. या पुस्तकात त्यांनी सुरुवातीची वाक्यं संधी न करता सुटी दिली आहेत, म्हणून शब्द ओळखता येतात, आणि व्याकरण लागेल तेवढंच येत जातं. शिक्षक नसलेल्या प्रौढाला समोर ठेवून लिहिल्याचं पानोपानी जाणवतं. संस्कृत भारतीचा पत्राचाराने चालणारा अभ्यासक्रमही याच कामाचा. त्याच्या प्रवेश, परिचय, शिक्षा, कोविद अशा पायऱ्या आहेत. संभाषणावर भर असल्यामुळे एक वेगळा लाभ होतो: रोज मोठ्याने बोलल्याने विसर्ग आणि शेवटचा ‘अ’ तोंडात बसतो. पण अनुस्वाराची बारीक शिस्त त्यातून आपोआप येईलच असं नाही.

तिसरं पुस्तक मात्र प्रत्येकाचं वेगळं असावं. जे स्तोत्र म्हणायचं आहे, त्याचीच पदच्छेद दिलेली प्रत. गीता प्रेसची पदच्छेद आणि अन्वय असलेली गीता हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. पदच्छेदाचा उपयोग केवळ अर्थापुरता नाही. वरच्या श्लोकात ‘पठति’च्या जागी ‘वदति’ असतं तर ‘वृद्धः’चा ‘वृद्धो’ झाला असता. असं रूप बदललेलं पाहिलं की नवखा माणूस ‘वृद्धोव’ आणि ‘दति’ असंही तोडू शकतो. सुटे शब्द एकदा पाहिले की श्वास कुठे घ्यायचा हे समजतं. अवग्रहाची खूण ऽ हाही असाच प्रश्न: तिथे एक ‘अ’ गिळला गेला आहे एवढंच ती सांगते. तिचा उच्चार करायचा नाही आणि तिच्यापाशी थांबायचंही नाही. ज्यांना गीताच म्हणायची आहे त्यांच्यासाठी गीता परिवाराच्या ऑनलाइन वर्गांच्या पुस्तिका सोयीच्या आहेत, कारण त्यांत अनुस्वार, विसर्ग आणि जोडाक्षराआधीचा आघात यांच्या खुणा श्लोकावरच केलेल्या असतात. आघात म्हणजे वर सांगितलेलं मागच्या अक्षरावरचं वजनच.

देवळाबाहेर दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या स्तोत्रांच्या पुस्तिकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. त्यांत विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं असतात आणि कधी गळतातही. पाय मोडलेल्या अक्षरांचे पाय गायब असतात, म्हणजे ‘पश्चात्’चं ‘पश्चात’ होतं. वाचायला सोपं जावं म्हणून लांब समास मध्येच तोडलेले असतात आणि ते तोडणाऱ्याने अर्थ पाहिलेला नसतो. अशी पुस्तिका ओळखायची युक्ती पुन्हा तीच. कुठलाही अनुष्टुभ् श्लोक घ्या आणि चार चरणांची अक्षरं मोजा. लागोपाठ दोन-तीन श्लोकांत आठाचा हिशोब बिघडला, तर चूक आपली नसून छापणाऱ्याची असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या छापील प्रतीशी ताडून आपल्या प्रतीत पेन्सिलीने दुरुस्ती करावी.

उच्चारांवर संस्कृतातच एक जुनं, जेमतेम साठेक श्लोकांचं पुस्तक आहे: पाणिनीय शिक्षा. वाईट वाचणाऱ्यांचे सहा प्रकार त्यात मोजले आहेत: गाणं म्हटल्यासारखं वाचणारा, घाईने वाचणारा, मान डोलावणारा, लिहिलेलं पाहूनच वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि आवाज बारीक असणारा. पुस्तकातून वाचणारा या यादीत आला हे पुस्तकं निवडायला निघालेल्याला खटकेल. पण तो काळ तोंडी परंपरेचा होता, आणि मुद्दा रास्त आहे: डोळा कागदावर असला की कान बंद होतो. त्याच ग्रंथात एक दृष्टांत आहे. वाघीण पिल्लाला दातांत धरून नेते तेव्हा ते पडू नये आणि त्याला दातही लागू नये याची काळजी घेते, अक्षरं तशी उच्चारावीत. ‘वदति’तला ‘अ’ सोडणारे आपण पिल्लू पाडणारे, आणि शुद्धतेच्या हट्टापायी विसर्गाचं मोठं ‘ह’ करणारे दात लावणारे.

हे सगळं स्तोत्रांपुरतं. अथर्वशीर्ष, पुरुषसूक्त, रुद्र यांच्या पुस्तकात अक्षरांखाली आडव्या आणि अक्षरांवर उभ्या रेघा दिसतात. त्या स्वरांच्या खुणा आहेत: कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे वर. त्या खुणा कशा वाचायच्या हे पुस्तकात वाचून कळतं, पण त्यांचं अंतर किती आणि वळण कसं हे शाखेप्रमाणे बदलतं. त्यातून रेघा दिसल्या की नवखा माणूस सगळं लक्ष सुरावर देतो आणि ऱ्हस्व-दीर्घ विसरतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी रेघांकडे दुर्लक्ष करून, एकाच सुरात, अनुस्वार-विसर्ग आणि ऱ्हस्व-दीर्घ पक्के करावेत. मग ज्यांच्या घरात किंवा गावात स्वरासह म्हणणारे कुणी असतील त्यांच्यासमोर बसून एकेक ओळ त्यांच्यामागून म्हणावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, आळंदी, पुणे इथल्या वेदपाठशाळांमध्ये मुलं अशीच शिकतात: गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा म्हणतात. पुस्तक तेव्हा मिटलेलं असतं.